भूजल चर्चासत्राचं आभारप्रदर्शन

अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, व्यासपीठावरचे मान्यवर, गावोगावहून आलेले शेतकरी बंधू-भगिनी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन साडेचारला होतं आणि आता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. बाहेर चहा उकळतोय, त्याचा वास इथवर येतोय. तेव्हा आवरतं घेते.

अशा वेळी ‘आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ असं म्हणायची पद्धत आहे. पण आजचा दिवस पाण्याच्या जमाखर्चाचा होता, त्यामुळे उधारी ठेवणं बरं दिसणार नाही. वक्त्यांची नावं आणि पदं सूत्रसंचालक मॅडमनी प्रत्येक सत्राआधी सांगितली आहेत, ती पुन्हा वाचत नाही. कुणाकडून काय मिळालं तेवढं सांगते.

पहिल्या सत्रातल्या भूवैज्ञानिक सरांनी पिशवीतून दोन दगड काढून पहिल्या रांगेत फिरवायला दिले. एक काळा पाषाण, दुसरा भोकाभोकांचा, आपल्याकडचे विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग अशाच बेसाल्टवर बसलाय, हे त्यांच्या नकाशाच्या स्लाईडवर दिसलं. पण मला खरं पटलं ते त्यांचं पुढचं वाक्य. भोकं दिसली म्हणून पाणी लागेलच असं नाही, ती एकमेकांना जोडलेली हवीत. पुष्कळदा ती पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात, आणि मग पाणी मिळतं ते खडकाच्या भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून. एकाच बांधाच्या अलीकडे झरा आणि पलीकडे कोरडी विहीर का, हे मी वर्गात कैक वर्षं फळ्यावर रेषा ओढून शिकवते. सर, उद्यापासून मीही दगड घेऊन जाणार. मनःपूर्वक आभार. फक्त एक विनंती, तो मांजऱ्याचा तुकडा परत मागू नका.

दुसऱ्या सत्रात सरपंचताईंनी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी. मग हजार हेक्टरच्या गावात ५०० मिलिमीटर पावसाचं किती? तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी मोबाइल न काढता उत्तर दिलं, ५०० कोटी लिटर. त्या आजोबांचेही आभार. ताईंनी पुढची स्लाईड लावली आणि आकडा बघता बघता उतरला. बाष्पीभवन गेलं, ओढ्यानं वाहून गेलं, उरलं त्यात माणसं, जनावरं आणि पिकं. हिवरे बाजार दरवर्षी ग्रामसभेत हाच हिशेब करून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं, हे आपण ऐकून असतो. पण ताई, उन्हाळी पीक नको म्हणताना स्वतःच्या भावकीत काय ऐकावं लागलं, तेही तुम्ही सांगितलंत. ते कोणत्याच स्लाईडवर नव्हतं. त्याबद्दल तुमचे विशेष आभार.

जेवणानंतरचं सत्र म्हणजे वक्त्याची परीक्षा, आणि त्यात विषय कायदा. वकीलसाहेबांनी कुणाला डुलकी लागू दिली नाही. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम, २०१४ पासून लागू, शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई. मीटरचे फूट केले, साधारण २०० आले, आणि सभागृहात चुळबुळ सुरू झाली. ‘आमच्याकडं चारशेच्या आत बोअरची गाडी थांबतच नाही,’ असं एक काका उठून म्हणाले. साहेब, तुम्ही तो प्रश्न टोलवला नाहीत, अंमलबजावणी कुठे अडते ते सरळ सांगितलंत. आपले आभार. आणि काका, तुमचेही. खुली चर्चा त्याच प्रश्नानं पेटली आणि पाऊण तास लांबली. माझ्या उशिराचं कारणही तुम्हीच.

अध्यक्षांनी समारोप दहा मिनिटांत केला. अध्यक्षांकडून असं क्वचित घडतं. धन्यवाद सर.

प्राचार्य सरांनी सभागृह आणि निधी दिला. कार्यालयातल्या मंडळींनी नोंदणी सांभाळली. भाकरी, पिठलं आणि ठेचा बचत गटाच्या ताईंचा होता, त्यांना तुम्ही पंगतीतच पावती दिलीत. सकाळी प्रोजेक्टरची केबल दगा देऊन गेली तेव्हा द्वितीय वर्षाची दोन मुलं सायकलवरून बाजारात जाऊन नवी घेऊन आली आणि पहिलं सत्र फक्त सात मिनिटं उशिरा सुरू झालं. मुलांनो, शाबास! आमच्या शिपाई मामांनी दिवसभर जार भरून ठेवले. पाण्याच्या चर्चासत्रात पाणी संपलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

जाता जाता एक सूचना. दाराशी पाणीपातळी मोजायच्या टेप ठेवल्या आहेत, प्रत्येक गावाला एक. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, आपण आपल्या विहिरीची महिन्याला मोजूया. सही करून टेप न्या, पहिली नोंद या आठवड्यात पाठवा. प्रमाणपत्रं शेजारच्याच टेबलावर आहेत.

आता राष्ट्रगीतासाठी उभं राहूया, आणि मग चहा.