उपचार-दृष्टिकोन: तंत्रे, समुपदेशकाची भूमिका आणि एका केसवरून तुलना (एम.ए. मानसशास्त्र, प्रकरण-सारांश)

या प्रकरणात दृष्टिकोन बरेच आहेत, पण प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे: त्रासाचे मूळ कुठे मानले आहे, सत्रात प्रत्यक्ष काय करतात, आणि समुपदेशक कोणत्या जागी बसतो. परीक्षेत बहुतेकांची तंत्रांची यादी बरोबर येते आणि भूमिका चुकते. तंत्र त्या भूमिकेतूनच निघते, म्हणून दोन्ही एकत्र वाचा.

मनोविश्लेषण. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९). मूळ अबोध संघर्षात, बहुधा बालपणीच्या नात्यांत. तंत्रे: मुक्त साहचर्य, स्वप्नविश्लेषण, प्रतिरोधाचे आणि भावनांतरणाचे अर्थनिर्वचन. अभिजात पद्धतीत आठवड्याला चार-पाच सत्रे, समुपदेशार्थी कोचावर आणि विश्लेषक त्याच्या नजरेआड. विश्लेषक स्वतःबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण ती जागा कोरी ठेवली तरच वडिलांवरचा राग किंवा ओढ तिथे उमटते. अर्थनिर्वचन घाईने केले तर ते आरोपासारखे लागते आणि प्रतिरोध वाढतो. समुपदेशार्थी स्वतः त्या अर्थाच्या जवळ आला की मगच बोलायचे.

व्यक्तिकेंद्रित दृष्टिकोन. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या लेखात बदलासाठी सहा अटी मांडल्या. त्यांतल्या समुपदेशकाच्या बाजूच्या तीन पाठ हव्यात: अस्सलपणा, विनाअट सकारात्मक आदर, समानुभूती. इथे तंत्र म्हणावे असे थोडेच आहे: लक्षपूर्वक ऐकणे, भावनेचे प्रतिबिंब, आशय आपल्या शब्दांत परत मांडणे, शांतता सहन करणे. सल्ला नाही, निदान नाही. नवशिक्या समुपदेशकाकडून हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचे वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे. समोरचा म्हणतो, “तेच तर सांगतोय की!” आणि गप्प होतो. प्रतिबिंब शब्दांचे नसते, त्यामागच्या भावनेचे असते.

वर्तनवादी दृष्टिकोन. भीती शिकलेली असते, म्हणून ती पुसताही येते. जोसेफ वोल्पे यांचे क्रमबद्ध विसंवेदनीकरण (१९५८) तीन टप्प्यांचे. आधी स्नायू शिथिलीकरण: प्रत्येक स्नायूगट पाच-सात सेकंद आवळायचा, वीस-तीस सेकंद सोडायचा. मग भीतीची ० ते १०० गुणांची शिडी. मग शिथिल अवस्थेत खालच्या पायरीपासून कल्पना. प्रत्यक्ष सामोरे जाण्याच्या पद्धतीत शिथिलीकरणाची अट नसते, तिथे भीती उतरेपर्यंत प्रसंगात थांबायचे असते. भीती शिखरावर असताना पळ काढला तर पळण्यानेच हायसे वाटते आणि टाळाटाळ आणखी पक्की होते. हा ऋण प्रबलनाचा मुद्दा उत्तरात आलाच पाहिजे. समुपदेशक इथे प्रशिक्षक असतो.

बोधात्मक दृष्टिकोन. अल्बर्ट एलिस (१९५५ पासून) आणि ॲरन बेक (१९६० चे दशक). एलिस यांचा ए-बी-सी आराखडा: घटना, विश्वास, परिणाम. पुढे डी म्हणजे विश्वासाशी वाद आणि ई म्हणजे नवी परिणामकारक भूमिका. महाराष्ट्रात ही पद्धत ‘विवेकनिष्ठ’ या नावाने कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस थेट वाद घालतात, तर बेक समुपदेशार्थीच्या जोडीने पुरावा तपासतात. दोघांना एकाच ओळीत कोंबू नका. बेक यांच्या सत्राला ठरलेला सांगाडा असतो: मनःस्थितीची नोंद, मागचा गृहपाठ, आजचा विषय, काम, नवा गृहपाठ, अभिप्राय. गृहपाठ पुढच्या सत्रात विचारलाच नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून तो होत नाही.

गेस्टाल्टमध्ये (फ्रिट्झ पर्ल्स) रिकामी खुर्ची आणि ‘आत्ता शरीरात काय होतंय’ हा प्रश्न येतो. उपाय-केंद्रित पद्धतीत (स्टीव्ह डी शेझर, इन्सू किम बर्ग) चमत्काराचा प्रश्न, मापनप्रश्न आणि अपवादांचा शोध. दोन्ही लघुत्तरापुरत्या पुरतात.

केस (काल्पनिक). वय २२, राहणार कागल, एसटीने ये-जा. कोल्हापुरात एम.एस्सी. पहिल्या वर्षाला. वडील फाउंड्रीत कामाला, घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. दोन सेमिनार आजाराचे कारण सांगून टाळले, तिसरा तीन आठवड्यांवर. छातीत धडधड, आवाज कापणे. तिचे वाक्य: “आवाज कापला की सगळ्यांना कळणार, हिला काय येत नाही.” शाळेत पाढे चुकले की वडील पाहुण्यांसमोर हसायचे, हेही ती ओघात बोलून जाते.

मनोविश्लेषक ‘सगळ्यांना’ या शब्दापाशी थांबेल. ते सगळे म्हणजे कोण? वर्गातली तोंडे की पाहुण्यांसमोरचे वडील? ती समुपदेशकालाही “मी चुकीचं बोलतेय का?” असे पुनःपुन्हा विचारत असेल, तर भावनांतरण समोरच आहे. रॉजर्सप्रणीत समुपदेशक म्हणेल, “वर्गात उभं राहिलं की आपण उघडे पडू अशी धास्ती वाटते, आणि ती एकटीनंच सोसावी लागते.” इथे तिला दुरुस्त करणारे कोणी नाही, आणि हाच तिच्यासाठी नवा अनुभव आहे.

वर्तनवादी समुपदेशक शिडी मांडेल: खोलीत एकटीने मोठ्याने वाचणे २०, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकणे ३५, रिकाम्या वर्गात दोन मैत्रिणींसमोर ५०, मार्गदर्शकांसमोर ६५, पूर्ण वर्गासमोर ८०, प्रश्नोत्तरे ९५. कागदावरून मान न उचलता वाचून दाखवणे हे सुरक्षावर्तन आहे. ते चालू दिले तर पायरी चढल्यासारखी दिसते, पण भीती तिथेच राहते.

बेक यांच्या पद्धतीत तेच वाक्य नोंदतक्त्यात जाईल: प्रसंग, विचार (विश्वास ९० टक्के), भावना (भीती ८५), बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, संतुलित विचार, पुन्हा मोजलेला विश्वास. मग वर्तनप्रयोग: आवाज किती कापेल याचा तिचा अंदाज ० ते १० मध्ये आधी लिहून घ्यायचा, पाच मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करायचे, तिघांना स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगायचे आणि आकडे शेजारी ठेवायचे. “बिनधास्त बोल, काही होत नाही” हा संतुलित विचार नव्हे. “आवाज कापेल, तरी पुढची स्लाइड सांगता येते” हा आहे. एलिस एक पायरी खाली जातील: समजा, खरंच कळलं की येत नाही, तर ते वाईट की भयंकर?

कोणता निवडावा? सेमिनार तीन आठवड्यांवर असताना वर्तनवादी आणि बोधात्मक काम आधी, हेच सयुक्तिक. वडिलांचा धागा खरा आहे, पण तेवढ्या अवधीत उकलून तो अर्धवट सोडणे तिच्यावर अन्याय ठरेल. सेमिनारनंतर तिची इच्छा असेल तर तिकडे वळावे. रॉजर्स यांनी त्या अटी आवश्यक आणि पुरेशा मानल्या. बेक यांच्या मते चांगले नाते आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. तुलनेच्या प्रश्नात गुण मिळवून देणारा मतभेद हाच. शिडी कितीही नेमकी असो, नात्यावर विश्वास बसला नसेल तर ती ३५ च्या पुढे सरकणार नाही.

गोपनीयतेचा प्रश्न या केसमध्ये हमखास येतो. वडील दाराशी येऊन विचारतील, “काय म्हणती पोरगी?” ती सज्ञान आहे. तिच्या संमतीशिवाय सत्रातले काही सांगायचे नाही, आणि हे पहिल्याच सत्रात दोघांसमोर स्पष्ट करायचे. अपवाद जिवाच्या धोक्याचा: आत्महत्येचा विचार निघाला तर शिडी, तक्ता बाजूला ठेवून थेट विचारायचे, तिला एकटे सोडायचे नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिच्या हाती द्यायचा.