मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाण्याची परवानगी व रजा मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
(आस्थापना शाखा)

मार्फत : मा. तहसीलदार, पाटण

अर्जदार : दत्तात्रय विठ्ठल साळुंखे, सहायक महसूल अधिकारी, संजय गांधी योजना शाखा, तहसील कार्यालय, पाटण

विषय : मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस जाण्याकरिता ना-हरकत प्रमाणपत्र मिळणे, तसेच व्हिसा मिळाल्याच्या तारखेनुसार १२० दिवसांपर्यंत अर्जित रजा मंजूर होणे.

महोदय,

माझी मुलगी व जावई अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे राहतात. मुलगी गरोदर असून डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख १४ मार्च २०२६ दिली आहे. पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असल्याने यावेळीही शस्त्रक्रिया करायची ठरली आहे. सर्व ठीक असल्यास ती ९ मार्च रोजी होईल आणि आधीच कळा सुरू झाल्या तर त्याच दिवशी. म्हणजे तारीख ठरलेली असली तरी पक्की नाही.

बाळंतपणाला मुलीची आई जाते, बाप नाही, हा रिवाज मला माहीत आहे आणि हा अर्ज वाचताना तो प्रश्न मनात येईल हेही जाणतो. माझी पत्नी २०१९ साली वारली. मुलीच्या सासूबाईंचे डायलिसिस चालू आहे आणि विहीणबाईंना सोडून व्याहींना घराबाहेर पडता येत नाही. पहिल्या वेळी, ऑगस्ट २०२१ मध्ये, दोन्हीकडचे कोणीच जाऊ शकले नव्हते, कारण ४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्या प्रवाशांना अमेरिकेने प्रवेश बंद केला होता आणि तो नोव्हेंबरात उघडला. तेव्हा जावई घरूनच काम करत असल्याने दोघांनी कसेबसे निभावले. यावेळी घरात चार वर्षांचा नातू आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे मुलीने बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि चार वर्षांचे पोर तर उचलून घे म्हणूनच मागे लागते.

जावयांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरी बदलली आहे. अमेरिकेत १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, पण त्याच मालकाकडे किमान १२ महिने नोकरी झालेली असावी लागते. त्यामुळे तो मार्ग बंद आहे. कंपनी स्वतःहून दोन आठवडे देणार आहे. त्यापुढे नातवाला शाळेत सोडणे-आणणे, स्वयंपाक, रात्री बाळ घेऊन बसणे, यासाठी घरचे माणूस म्हणून मीच उरतो. पत्नी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. डिंकाचे लाडू मात्र बहिणीकडून करून नेणार आहे, तो माझा प्रांत नव्हे.

आता तारखांविषयी. रजेच्या अर्जात 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने असतात. दोन्हींत आज नेमकी तारीख लिहिली तर ती मनाने लिहिलेली ठरेल आणि नंतर बदलून मागावी लागेल. पहिली तारीख वकिलातीवर अवलंबून आहे, दुसरी बरीचशी मुलीच्या प्रकृतीवर. म्हणून माझ्या हातात काय आहे आणि काय नाही ते वेगवेगळे मांडतो.

पर्यटक व्हिसासाठी (बी-२) मी ऑगस्टमध्ये अर्ज भरला. बोटांचे ठसे देण्यासाठी ७ जानेवारी २०२६ आणि मुलाखतीसाठी ८ जानेवारी अशा तारखा मुंबईच्या मिळाल्या आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत झाल्यावर व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट शिक्का मारून परत येण्यास काही दिवस लागतात. जादा कागदपत्रे किंवा तपासणी निघाली तर किती लागतील हे तेथील अधिकारीही सांगत नाहीत. पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढणार नाही. शिवाय व्हिसा मिळाला तरी तेथे किती दिवस राहता येईल हे त्यावर लिहिलेले नसते. विमानतळावर उतरल्यावर तेथील अधिकारी मुक्कामाची शेवटची तारीख ठरवतात व ती आय-९४ या नोंदीत येते. सहसा ती सहा महिन्यांपर्यंतची असते, पण ती मुभा मला पूर्ण वापरायची नाही.

या बाबी लक्षात घेऊन माझी विनंती अशी आहे. मला १६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२६ या दरम्यान, व्हिसा व तिकीट मिळेल त्या दिवसापासून, १२० दिवस अर्जित रजा मंजूर व्हावी. १६ फेब्रुवारीला निघता आले तर रजा १५ जूनला संपेल, २ मार्चला निघालो तर २९ जूनला. मुलीची किंवा बाळाची प्रकृती बिघडली तर जास्तीत जास्त ३० दिवस अर्धवेतनी रजा जोडून मिळावी. तसा अर्ज तेथील डॉक्टरांच्या पत्रासह, मूळ रजा संपण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी, कार्यालयाच्या ई-मेलवर पाठवीन. व्हिसा २ मार्चनंतर मिळाला तरी मी जाईन, कारण खरी गरज प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत आहे. मात्र तेवढे दिवस रजेतून कमी व्हावेत. कसेही झाले तरी ३० जुलै २०२६ रोजी मी कामावर हजर असेन. महसुली वर्ष ३१ जुलैला संपते, त्यापलीकडे ही अनिश्चितता लांबू नये म्हणून ही मर्यादा मीच घालून घेत आहे. व्हिसा नाकारला गेला तर दुसऱ्या दिवशी लेखी कळवीन आणि हा अर्ज रद्द समजावा.

मुलीच्या बाळंतपणासाठी वडिलांना वेगळी रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये नाही आणि ती मी मागतही नाही. १ जुलै २०२५ रोजी माझ्या खाती २८६ दिवस अर्जित आणि ३१० दिवस अर्धवेतनी रजा शिल्लक आहे. सेवापुस्तकावरून पडताळणी व्हावी. निवृत्तीच्या वेळी यातील रजेचे रोखीकरण होते हे ठाऊक असूनही ती आत्ता वापरतो आहे. २०२८ मध्ये निवृत्त होईन तेव्हा पैसे थोडे कमी येतील, इतकेच.

कार्यालयाची अडचण मी टाळून लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत व्हावयाच्या आहेत. त्या काळात मी पूर्णवेळ हजर राहीन. अपवाद फक्त ७ व ८ जानेवारीचा. या दोन दिवसांची नैमित्तिक रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी निवडणुकीच्या धामधुमीतही मिळावी, ही विशेष विनंती आहे. मुलाखतीची तारीख एकदा हुकली तर पुढची तारीख बाळ रांगायला लागल्यावर मिळेल अशी स्थिती आहे. निवडणूक कार्यक्रम लांबला आणि मतदान फेब्रुवारीत गेले, तर मतमोजणी होऊन साहित्य जमा झाल्याशिवाय मी कार्यमुक्त होण्याची मागणी करणार नाही. त्यासाठीच सुरुवातीच्या तारखेला दोन आठवड्यांची मोकळीक ठेवली आहे.

दुसरी अडचण मार्चअखेरची आणि तिसरी एप्रिलपासून सुरू व्हावयाच्या जनगणनेच्या घरयादीची. या दोन्ही वेळी मी नसेन. माझ्या टेबलावर संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन या योजनांचे काम आहे. लाभार्थ्यांचे पैसे थेट खात्यावर जमा होत असल्याने माझ्या गैरहजेरीत वाटप थांबणार नाही. काम अडते ते दुसरीकडे. आधार खात्याशी जोडलेले नसते, बोटांचे ठसे उमटत नाहीत, नाहीतर हयातीचा दाखला कोयनेच्या वरच्या वाडीतून आलेलाच नसतो, आणि म्हातारी एसटीचे भाडे खर्चून 'पगार का आला नाही' म्हणून खिडकीशी उभी असते. अशा अडलेल्या प्रकरणांची गावनिहाय वही मी ठेवतो. कोणत्या माणसाचे काय अडले, कोणत्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे निरोप दिला, बँकेत कोणाला भेटायचे, हे त्यात आहे. ती वही अद्ययावत करून शाखेतील महसूल सहायकांना जानेवारीपासूनच सोबत बसवून समजावीन, म्हणजे पदभार नुसता कागदावर दिला-घेतला असे होणार नाही. त्यांची तोंडी संमती घेतली आहे. लेखी आदेश तहसीलदार महोदयांनी काढावेत.

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे ३० वर्षांच्या नोकरीत मीच अनेकांना सांगितले आहे. म्हणून रजा देता येणार नसेल तर तसे डिसेंबरच्या आत कळावे, ही विनंती. मुलीला बाळंतपणात मदतीसाठी पगारी बाई शोधावी लागेल आणि तिकडे ते स्वस्तही नाही, लगेच मिळतेही नाही.

ना-हरकत प्रमाणपत्र मात्र रजेच्या अंतिम आदेशाची वाट न पाहता, 'रजा मंजुरीच्या अधीन राहून' असे नमूद करून ३१ डिसेंबरपूर्वी मिळावे. मुलाखतीत अर्जदार परत येणार याची खात्री अधिकाऱ्याला पटावी लागते. न पटल्यास तेवढ्यावरूनच व्हिसा नाकारता येतो. माझे गावी घर व शेती आहे, पण शासकीय सेवेत असल्याचे आणि कार्यालयाला माझा प्रवास माहीत असल्याचे पत्र त्याहून वजनदार ठरेल.

प्रवासाचा खर्च मुलगी व जावई करणार आहेत, शासनावर कोणताही भार नाही. परदेशात मी नोकरी किंवा व्यवसाय करणार नाही, तेथून राजीनामा पाठवणार नाही आणि मंजूर मुदतीपलीकडे परवानगीशिवाय राहणार नाही. तसे हमीपत्र सोबत जोडले आहे. माझ्याविरुद्ध विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन प्रकरण प्रलंबित नाही. व्हिसा, तिकीट, तेथे पोहोचल्यावर आय-९४ वरील तारीख आणि परतीच्या प्रवासात होणारा कोणताही बदल मी त्या त्या वेळी ई-मेलने कळवीत राहीन. रजेच्या काळातील पत्ता व दूरध्वनी क्रमांक सोबतच्या विहित नमुन्यात दिले आहेत. अमेरिकेत रात्र असली तरी कार्यालयाचा फोन घेईन. बाळ घरात असताना रात्री जागाच असणार.

रजेच्या मागे-पुढे येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी असावी.

आपला विश्वासू,

(स्वाक्षरी)
दत्तात्रय विठ्ठल साळुंखे
सहायक महसूल अधिकारी,
तहसील कार्यालय, पाटण

सोबत : विहित नमुन्यातील रजेचा अर्ज, पासपोर्टची छायाप्रत, मुलाखतीच्या तारखेची प्रत, मुलीच्या डॉक्टरांचे पत्र व त्याचा मराठी सारांश, मुलगी व जावई यांचे निमंत्रणपत्र, हमीपत्र, पदभाराच्या प्रलंबित कामांची यादी.