उद्या संध्याकाळी सहापर्यंत

नमस्कार. मागच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे किचन ट्रॉल्या बसवून गेलात, कोथरूडचा दुसरा मजला. ओळख पटली असेलच.

काय झालंय ते मी लिहीत बसणार नाही. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, आणि नसेल तर तुमच्या कारागिरांना विचारा. जाताना दोघंही नजर चुकवून लिफ्टकडे पळाले, चहाचे कप भरलेलेच ओट्यावर!

गूगलवर रिव्ह्यू लिहून ठेवलाय. एक स्टार, सोबत चार फोटो. फक्त 'पोस्ट' दाबायचं बाकी आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकणार. इथे दिवाळीआधी तीन घरी किचनचं काम निघतंय आणि तिघींनीही माझ्याकडेच तुमचा नंबर मागितलाय.

बिल जपून ठेवलंय, जीएसटीसकट. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मला पाठ आहे. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हेही माहीत आहे. आमचे हे बँकेतून रिटायर झालेत, त्यांना वेळच वेळ आहे.

फोनवर गोडगोड बोलून गुंडाळू नका. 'ताई, बघतो' हे ऐकून कान किटलेत.

उद्या संध्याकाळी सहापर्यंत काय करणार ते लेखी कळवा. नाहीतर दुकानात काचेवर 'ग्राहक देवो भव' लावलंय ना, त्याचाही फोटो रिव्ह्यूत जाईल.