सायलीच्या पिल्लासाठी नावं

मिरज

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

पिल्लाचे फोटो पाहिले. डोळे अजून काळेभोर आहेत, म्हणजे पिल्लू खरंच लहान आहे. आफ्रिकन ग्रे पोपटाचे डोळे मोठेपणी पिवळट होत जातात. ब्रीडरकडून सगळे कागद घेतलेस आणि सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदही केलीस, हे फार बरं झालं. आता नावाचं बघू.

तुम्ही चौघांनी पाठवलेली चार नावं वाचून मामी आणि मी पोट धरून हसलो. आधी त्यांचाच निकाल लावतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

ओमचं 'थंडरबोल्ट' बाद. त्यातला थ जाईल, शेवटचा ल्ट जाईल, आणि मधलं जे उरेल ते 'अंडंबो' असलं काहीतरी ऐकू येईल. ओमला सांग, त्याने घराला नाव द्यावं, पिंजऱ्यावर पाटी लावावी, पण हाक मारायला दुसरं काही शोधावं. तुझं 'झोई' दिसायला गोड आहे, पण त्याला कुठे धार नाही. सुरुवात मऊ, आणि ओ-ई हे दोन स्वर एकमेकांत विरघळलेले. पिल्लू त्याचं 'ओई' करेल, आणि दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला 'ओई' ऐकून घ्यावं लागेल. सासूबाईंचं 'श्रीकृष्ण' हे पाखरासाठी शिक्षा आहे. तीन अक्षरांत दोन जोडाक्षरं, त्यातलं एक शेवटचं ष्ण. देवाचं नाव घरात घुमावं ही त्यांची इच्छा रास्त आहे, त्यावर पुढे एक तोडगा देतो. नितीनरावांचं 'सचिन' त्या मानाने बरं, च चांगला ठसतो. पण ते नाव हाकेपेक्षा मैदानातल्या घोषणेसारखंच घेतलं जाईल, 'सचीऽऽन, सचिन!' असं. पिल्लू नाव बाजूला ठेवून त्या घोषणेची चाल उचलेल. जुनी मॅच लावली की पिंजऱ्यातूनही गर्दीचा आवाज येईल. हे हवं असेल तर जरूर ठेवा.

पाखराला ओठ नसतात, दात नसतात. आवाज निघतो तो छातीत, श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथून. पोपट आपली जाड जीभ पुढेमागे करून त्याला वळण देतो. म्हणून स्वर त्याला छान जमतात, विशेषतः लांब आ, ई, ऊ, ओ. क, ट, च यांचा टणत्कार जमतो. ओठ मिटून म्हणायचे प, ब, म त्याला आतल्या आत कसेतरी जुळवावे लागतात. 1977 साली शिकागोच्या एका दुकानातून घेतलेला ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी तीस वर्षं शिकवला. तो सफरचंदाला 'ॲपल' म्हणेना, 'बॅनरी' म्हणायचा. त्यातल्या प-ल च्या जोडीनेच त्याला अडवलं असावं, असा एक तर्क आहे. उलट कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजी जातीच्या छोट्या पोपटाने 1,728 शब्दांचा गिनीज विक्रम केला, आणि त्याच्या नावात पहिलंच अक्षर प! तेव्हा प ला बंदी नाही, पण माझं मत असं की नावाची सुरुवात क, ट, त, च ने असावी. मिक्सर चालू असताना, कुकरची शिट्टी होत असताना कानात शिरतं ते हेच.

आणि आपल्या कानांचाही भरवसा नाही. पोपट तेच बोलत असतो, आपल्याकडचे लोक 'विठू विठू' ऐकतात आणि हिंदीवाले 'मिठू मिठू'. ओठांचं अक्षर त्याने धड म्हटलेलंच नसतं, मागचं इ-ठू तेवढं स्पष्ट असतं. पुढचं अक्षर ऐकणारा आपापल्या घरातून आणतो.

आता माझी नावं.

टिकी. माझं पहिलं मत याला. पिल्लू सगळं करडं आणि शेपटी तेवढी लाल, कपाळावरच्या कुंकवासारखी. कागदोपत्री 'टिकली' ठेव, हाकेला टिकी. ट आणि क दोन्ही टणक, दोन्हीकडे एकच इ, शेवट उघडा. 'टिकीऽऽ' असं लांबवता येतं आणि 'टिक्की!' असं तोडताही येतं. अजून नर की मादी हे माहीत नाही, ते पिसावरून डीएनए तपासल्याशिवाय कळणारही नाही. टिकी दोघांनाही चालतं. फक्त तुमच्याकडे कुणाला निकी, रिंकी म्हणत असतील तर मला कळव, मग हे नाव मागे घेतो. एकाच यमकाची दोन नावं घरात असली की पाखरू दोन्हींवर मान वळवतं आणि माणसंही.

तुका. हा सासूबाईंसाठीचा तोडगा. त ला ट इतकी धार नाही, पण उ आणि आ हे दोन स्वर एकमेकांपासून इतके लांब आहेत की गडबड होत नाही. मजा पुढे आहे. सकाळी पूजेच्या वेळी पिल्लू 'तुका' म्हणेल आणि सासूबाई आपसूक 'म्हणे' म्हणतील. वर्षभर हे चाललं तर ते 'तुका माने' एवढं तरी स्वतः म्हणू लागेल; म्ह मधला ह गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही. संतांचं नाव पाखराला ठेवणं त्यांना रुचतं का, ते मात्र आधी विचार. विठू चालतं तर तुका का नको, असा माझा मुद्दा आहे, पण तो त्यांच्यापुढे तू मांड, मी नाही.

कोको. जगभर पोपटांना हे नाव ठेवतात, आणि ते आळसाने नाही. क-ओ, क-ओ, एकच घास दोनदा. पिल्लाला अर्धं आलं तरी पूर्ण आल्यासारखं वाटतं. आमच्या घरच्या कोकोच्या तोंडी सगळ्यात आधी हेच आलं, तेही मामीच्या आवाजात. नवं काही नाही एवढीच तक्रार.

केतकी. तीन अक्षरी एकच सुचवतो. क-त-क असा ठेका आहे, जीभ कुठे अडखळत नाही. बजीला हे दिलं असतं तर त्याने घाईघाईत 'केकी' करून टाकलं असतं. ग्रे मात्र सावकाश, सुटं बोलतो, त्याला पेलेल. तुला फुलाचं नाव हवं होतं ना?

राघू. जुनं ते सोनं. घ चा ग होईल, 'रागू' ऐकू येईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. र घोळवायला पोपटांना आवडतो. आफ्रिकेतल्या पाखराला राघू म्हणायचं का, असं ओम विचारेल. खुशाल म्हणावं.

याशिवाय किट्टू, टुकी, चीकी, टीटो, काका-कुवा यांतलं काहीही उचल, सगळी चालणारी आहेत. 'चिकू' मुद्दाम वर घेतलं नाही. आवाज उत्तम, पण तुमच्या घरी चिकू बाजारातूनही येतात, आणि 'चिकू कापला का गं?' हे वाक्य पिल्लाने ऐकू नये असं मला वाटतं. 'काकू' नको, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू दर वेळी 'आले गं' म्हणत वर येतील. 'टाटा' नको. पाहुणा दारात पाऊल टाकतोय आणि आतून 'टाटा!' हे एकदा गमतीचं, दहाव्यांदा नाही. 'राखी' हे रंगावरून सुचतं, पण ख चा क होऊन 'राकी' होईल. तसं झालेलं चालणार असेल तर वाईट नाही. भ, ध, झ, ळ, ण असलेली नावं सोडूनच द्या. हे पाखरू चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतं. ओमच्या मुलांनाही तीच हाक मारावी लागणार आहे, तेव्हा सध्याच्या कार्टूनमधली नावं नकोत.

ओमने मैनेचंही विचारलंय. त्याला सांग, रानातली पहाडी मैना, साळुंकी किंवा आपला हिरवा पोपट घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय बंद. पण माझ्या आजोबांकडे, कायदा यायच्या आधी, पहाडी मैना होती आणि तिचं नाव होतं 'गोविंदा'. पोपटाला मी हे नाव कधी देणार नाही. मैनेचा गळा वेगळाच, हुबेहूब माणसाचा. गो लांब, विं नाकातून, दा खणखणीत, तिन्ही अक्षरं ती सुटी म्हणायची. पोस्टमन दारात थांबून 'कोण गोविंदराव?' विचारायचा. मैनेला न आणि म ची नाकातली अक्षरं जमतात, म्हणून तिला 'मैना' हेच नाव पुरतं. 'चंदन', 'मंगू', 'नंदा' ही सगळी तिच्या गळ्यातली. गच्चीवर दाणे टिपायला येणाऱ्या साळुंक्यांना ओमने यातली नावं ठेवावीत. त्या शिकणार नाहीत, पण कायदाही मोडणार नाही.

नाव ठरलं की पुढचं थोडक्यात. चौघांनी एकाच सुरात हाक मारा. प्रत्येकाने लाडाने वेगळं रूप केलं, टिकू, टिक्स, टिकुली, की पिल्लू काहीच धरत नाही. खाणं ठेवताना 'टिकी, ये', पिंजरा झाकताना 'टिकी, झोप', आणि बाहेरून आल्यावर 'टिकी कुठंय?' एवढी तीनच वाक्यं ठेवा. ग्रे साधारण वर्षाचं झाल्यावर बोलायला लागतं, कधी त्याहून उशिरा, तेव्हा दिवाळीपर्यंत काही आलं नाही म्हणून मला फोन करू नकोस. आणि ते नाव कुणाच्या आवाजात म्हणेल हे तुमच्या हातात नाही. जो सगळ्यात जीव ओतून हाक मारेल त्याचा आवाज ते उचलेल. नितीनराव सकाळी ओमला उठवताना जसे ओरडतात तसं पिल्लाच्या नावाने ओरडू नयेत, एवढी माझी विनंती त्यांना पोचव.

सासूबाईंना तुकाबद्दल विचारून रविवारपर्यंत कळव. नाव ठरेपर्यंत कुणीही त्याला नुसतं 'ए' म्हणून बोलवू नका. ते सगळ्यात आधी येतं.

तुझा,
बाळूमामा