विषय: क्वालिटी सुपरवायझर पदाबाबत आपल्या ईमेलला उत्तर – आभार आणि एक छोटी विनंती

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

क्वालिटी सुपरवायझरच्या जागेसाठी माझी निवड झाली नाही, हे कळवणारा आपला ईमेल काल संध्याकाळी मिळाला. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण कळवलंत याबद्दल मनापासून आभार. गेल्या दीड वर्षात मी चार ठिकाणी मुलाखती दिल्या आणि "आठ दिवसांत कळवतो" हे चारही ठिकाणी ऐकलं. कळवलं ते फक्त आपण. नकार असला तरी फोनकडे बघत बसणं संपलं, आणि घरी आईचं "आला का गं निरोप?" हेही थांबलं.

ज्यांची निवड झाली त्यांना माझ्या शुभेच्छा कळवा. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही पाच जण बसलो होतो. त्यातल्या दोघांच्या बोलण्यावरूनच कळत होतं की डाईंग आणि लॅब दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलंय. त्यामुळे निर्णय अन्यायाचा वाटला नाही.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून विनंती आधीच लिहिते. पुढचं पत्र सवडीने वाचलंत तरी चालेल.

मी नेमकी कुठे कमी पडले, हे एका ओळीत सांगाल का? ओळही नको, खालीलपैकी एक अक्षर पाठवलंत तरी पुरे:

अ – नमुना तपासणीच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर
ब – डाईंग आणि लॅबचा अनुभव नसणं
क – इंग्रजीतला रिपोर्ट
ड – यापैकी काही नाही, वेगळंच

अशा गोष्टी उमेदवाराला न सांगण्याचा आपल्याकडे नियम असेल, तर ही विनंती सोडून द्या. त्याचा मला काडीचाही राग येणार नाही.

आता 'अ'बद्दल थोडं. माझं ते उत्तर चुकलं होतं, आणि ते मला चिंचोळीहून परतताना बस बाळे ओलांडायच्या आतच उमगलं. आपण विचारलं होतं: १००० टॉवेलांचा लॉट आहे, त्यातले ८० काढून तपासले, ६ नगांत मेजर दोष सापडले, एक्यूएल २.५ आहे, काय कराल? मी ठसक्यात म्हणाले, "ते सहा बाजूला काढीन, मेंडिंगला पाठवीन, त्यांच्या जागी चांगले भरीन आणि माल पुढे सोडीन." आपण काही बोलला नाहीत, फक्त लिहून घेतलंत. तेव्हाच शंका यायला हवी होती.

खरं उत्तर असं. ५०१ ते १२०० नगांच्या लॉटला सर्वसाधारण पातळी दोनप्रमाणे ८० नगांचा नमुना, आणि २.५ ला पाचपर्यंत पास, सहाला लॉट नापास. मी सांगितलेल्या रीतीने तर फसवणूकच झाली असती. ऐंशीत सहा निघाले, तर त्याच हिशेबाने उरलेल्या ९२० मध्ये साठ-सत्तर तरी असणारच, आणि मी नेमके हाताला लागलेले सहा बदलून बाकीचे पेटीत बंद करायला निघाले होते! सगळा लॉट परत टेबलावर घ्यायचा, नग-नग तपासायचा, मेंडिंगचे वेगळे, सेकंडचे वेगळे काढायचे आणि मग नव्याने नमुना घ्यायचा. शिवाय सहाही दोष एकाच जातीचे, म्हणजे समजा एकाच बाजूचे ओढलेले लूप, असतील तर आधी तो माग शोधून जॉबरला उभं करायचं. नाहीतर इकडे आपण निवडत बसायचं आणि तिकडे माग तसलाच माल विणत राहायचा.

चूक का झाली, हेही सांगते. ही सबब नव्हे. मी सहा वर्षं जिथे काम करते तिथे माल देशातच विकला जातो. चादर असो, टॉवेल असो की नॅपकिन, एकूण एक नग चेकिंग खात्यातल्या बायकांच्या हाताखालून जातो. तिथे नमुना हा प्रकारच नाही. दोष दिसला की काढायचा, दुरुस्त करायचा, पुढे जायचं. सहा वर्षांत ते अंगात इतकं मुरलंय की आपल्या प्रश्नातला 'नमुना' हा शब्द कानावर पडूनही डोक्यात शिरला नाही. आता तो तक्ता मी वहीत उतरवून घेतलाय आणि रोज आमच्याच मालावर ताडून बघते. आमचे मालक म्हणतात, "हे कशाला? आपण सगळंच तपासतो की." त्यांचंही बरोबर आहे.

जीएसएमच्या प्रात्यक्षिकात मात्र बरं जमलं, असं मला वाटतं; नसेल तर तेही 'ड'मध्ये येईल. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल मी सबंध काट्यावर ठेवला, ४३१ ग्रॅम भरला, म्हणजे ४४० च्या आसपास जीएसएम. मग आपण कटरने मधली चकती कापून दिलीत, ती ४.७ ग्रॅम, म्हणजे ४७०. "यातला खरा कुठला?" असं आपण विचारलंत. दोन्ही खरे. चकती लूप असलेल्या भागाची, तर सबंध वजनात बिनलुपाची सपाट बॉर्डर धरलेली. ऑर्डरच्या कागदावर कुठली रीत लिहिली आहे ते आधी पाहायचं, हे मी तेव्हा म्हणाले होते. एक सांगायचं राहून गेलं: सोलापूरचा मे महिना. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असताना कोरड्या हवेत सूत ओलावा सोडतं आणि टॉवेल काट्यावर हलका भरतो. कापसाला ८.५ टक्के ओलावा धरतात, तो आपल्याकडे उन्हाळ्यात राहणार कुठून? म्हणून नग ठरलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवून मगच वजन घ्यायला हवं. आपल्या लॅबच्या दारावर ६५ टक्क्यांचा कागद चिकटवलेला पाहिला, तेव्हा हे बोलायचं होतं. पण तोवर आपण मेंडिंग खात्याकडे वळला होतात.

मेंडिंग खात्यावरून आठवलं. तिथल्या मावशी तेलुगूत काहीतरी तक्रार करत होत्या आणि मी न विचारता मधे तोंड घातलं. उमेदवाराने असं करायला नको होतं. पण मी पूर्व भागातली, अशोक चौकाजवळ वाढलेली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कानडी. मावशींचं म्हणणं साधंच होतं: ट्यूबलाइट मागच्या बाजूला असल्याने टॉवेलावर स्वतःचीच सावली पडते आणि फिक्या रंगातला तुटका लूप दिसत नाही. आपण लगेच वायरमनला बोलावलंत, हे मला फार आवडलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी ही नोकरी मला आणखीच हवीशी वाटली.

'ब'चं म्हणाल तर ती उणीव खरीच आहे. रंग धुण्यात टिकतो का, घासल्यावर पांढऱ्या कापडाला लागतो का, ग्रे स्केलवर पाचपैकी किती, हे मी वाचलंय आणि दुसऱ्याला करताना पाहिलंय. स्वतःच्या हाताने केलेलं नाही. आपलं उत्तर 'ब' आलं तर येत्या सहा महिन्यांत कुठल्यातरी डाईंग हाउसमध्ये रविवारी जाऊन उभी राहीन, पगार नसला तरी. 'क' आलं तर रात्रीचा क्लास लावीन. म्हणूनच विचारते आहे. दोन्हींवर एकदम पैसे आणि वेळ घालणं मला परवडणारं नाही.

माझा अर्ज आपल्या नोंदीत राहील, असं आपण ईमेलमध्ये लिहिलं आहे. तो रिवाज म्हणून लिहिला असेल तरी मी तो शब्दशः धरते! सुपरवायझरचीच जागा हवी असा माझा हट्ट नाही. चेकिंग खात्यात सीनियर चेकरची जागा निघाली, किंवा शिपमेंटच्या गर्दीत महिना-दोन महिन्यांसाठी फायनल तपासणीला माणूस लागला, तरी एक निरोप द्या. सध्याच्या ठिकाणी मला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. दुसरी पाळी चालेल. रात्रपाळीचं म्हणाल तर कंपनीची बस अशोक चौकापर्यंत येत असेल तर तीही चालेल. माझा मोबाइल नंबर अर्जावर आहे तोच आहे.

आपल्याकडून काही निरोप आला नाही तर दिवाळीनंतर मी एकदाच ईमेल करून जागेची चौकशी करीन. त्याआधी त्रास देणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी आपण एका उमेदवाराला दीड तास दिलात, सगळी खाती स्वतः फिरून दाखवलीत, आणि निघताना "ऊन फार आहे, पाणी पिऊन जा" म्हणालात. हे सगळं लक्षात आहे.

आपली नम्र,
रेणुका
(क्वालिटी सुपरवायझर पदाची उमेदवार, अशोक चौक, सोलापूर)

ता. क. – त्या दिवशी गेटवर दिलेला व्हिजिटर पास गडबडीत माझ्याच पर्समध्ये राहिला. आमच्या गल्लीतले एक काका आपल्या शेजारच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतात. सोमवारी सकाळी त्यांच्या हाती आपल्या गेटवर पोचवते. वॉचमन दादांना तेवढं सांगून ठेवा, ते बिचारे वहीत 'परत आला नाही' म्हणून लिहून बसले असतील.