विज्ञानाच्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

सहामाही परीक्षेचे पेपर काल मिळाले. विज्ञानात मला 100 पैकी 81 गुण आहेत. घटक चाचणीचे टक्के 54 होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गुण फोनवर सांगता आले असते, पण ते कशामुळे वाढले हे मला नीट सांगायचं होतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुमच्या वर्कशीटमध्ये प्रत्येक उत्तराच्या शेजारी जो उजवीकडचा रकाना असतो, त्यासाठी मनापासून धन्यवाद. इतर ठिकाणच्या उत्तरसूचीत '1 – ब, 2 – ड' एवढंच असतं. आपलं उत्तर जुळतं की नाही ते कळतं आणि पान उलटलं जातं. तुम्ही मात्र 'ब' बरोबर का, हे लिहिता. त्याहून मोलाचं म्हणजे 'क' हा पर्याय बरोबर का वाटतो आणि तरीही का चालत नाही, हेसुद्धा लिहिता. पर्याय 'क' वाचताना आमच्या मनात नेमकं काय येतं, हे तुम्हाला आधीच कसं कळतं याचं मला दरवेळी नवल वाटतं.

उष्णतेच्या वर्कशीटमधला वाफेचा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजतं, तर 'वाफेत अप्रकट उष्मा असतो म्हणून', हे वाक्य मला पाठ होतं. शेजारच्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं की पाणी उकळत असताना उष्णता देत राहिलो तरी तापमान 100 अंशांवरच राहतं, कारण ती उष्णता रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. वाफेचं परत पाणी होताना तेवढीच उष्णता बाहेर पडते, दर ग्रॅममागे 540 कॅलरी. ते वाचल्यावर मी समासात गणित मांडून पाहिलं. 100 अंशांचं एक ग्रॅम पाणी त्वचेवर पडून 37 अंशांपर्यंत थंड झालं, तर 63 कॅलरी देतं. तेवढीच वाफ आधी 540 देते आणि मग तिचं झालेलं पाणी तेच 63 देतं, म्हणजे एकूण 603. जवळजवळ दहापट! 'अप्रकट' म्हणजे काय, हे मला त्या क्षणी खरं समजलं. तापमापीवर न दिसणारी उष्णता इतकी मोठी असू शकते, हे मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

विजेच्या धड्याचंही तसंच झालं. 6 ओहम आणि 3 ओहमचे रोध समांतर जोडले की परिणामी रोध 2 ओहम येतो, हे सूत्राने काढता येत होतं. पण दोन्हींपेक्षा कमी रोध कसा, हे पटत नव्हतं. 'सभागृहाला आणखी एक दार उघडलं, मग ते अरुंद का असेना, तरी गर्दी लवकरच बाहेर पडणार,' ही तुमची एक ओळ पुरली. आता समांतर जोडणीचं उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षा जास्त आलं, की गणित पुन्हा तपासायचं हे मला कोणी सांगावं लागत नाही. परीक्षेत एका गणितात ते उपयोगी पडलं.

रासायनिक समीकरणं संतुलित करताना H2O मधला 2 का बदलायचा नाही, हेही तिथेच उलगडलं. H2O2 लिहिलं तर ते पाणी राहतच नाही, दुसराच पदार्थ होतो; म्हणून आकडा सूत्राच्या आधी लिहायचा. नियम म्हणून तो माझ्या लक्षात राहत नव्हता. कारण कळलं आणि तो लक्षात ठेवायची गरजच उरली नाही.

'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न मी पूर्वी शेवटी ठेवायचे. या वेळी तो सर्वांत आधी सोडवला आणि त्यात पूर्ण गुण मिळाले. पाठांतर काही धड्यांना लागतंच, हे खरं आहे. पण या प्रश्नात मला एकही वाक्य आठवावं लागलं नाही, सगळी उत्तरं माझ्या शब्दांत लिहिता आली, आणि याचा आनंद मला 81 गुणांपेक्षा जास्त आहे.

ते रकाने लिहायला किती वेळ लागत असेल, याची कल्पना मला आता येते. तुम्ही सुचवल्याप्रमाणे भिंगांच्या वर्कशीटचा उजवा रकाना आधी झाकून ठेवते आणि स्वतः स्पष्टीकरण लिहून मग तुमच्याशी ताडून पाहते. एका प्रश्नाला अर्धं पान लागतं, आणि तुमचं तीन ओळींत झालेलं असतं.

त्यातल्या एका प्रश्नावर मात्र मी अडले आहे. बहिर्गोल भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तरी प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त अंधूक होते. उरलेल्या भागातून वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण जातातच, एवढं मी लिहिलं आहे. आकृती काढून वही सोबत आणते. शनिवारी तासानंतर थोडा वेळ द्याल का?

आईबाबांनीही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुमची विद्यार्थिनी,
सई