कार्यपत्रिका: धातू शोधा, प्रत्यय ओळखा

इयत्ता नववी, संस्कृत. गुण २०, वेळ ४० मिनिटे.

आधी एक रूप मिळून सोडवू. गच्छामि = गम् + मि; अर्थ: मी जातो. प्रत्यय लागताना गम् चे 'गच्छ' होते. धातू मात्र गम् हाच. 'गच्छ्' लिहिल्यास गुण मिळणार नाही. दर वर्षी निम्मे गुण इथेच जातात, म्हणून मूळ धातू आठवूनच पुढे जा.

मराठीत 'मी' म्हणजे प्रथमपुरुष. संस्कृतात तो उत्तमपुरुष, आणि सः, तौ, ते हे प्रथमपुरुष. उत्तरे संस्कृत पद्धतीने लिहा.

प्र. १. धातू, प्रत्यय, अर्थ, पुरुष आणि वचन लिहा. (८)
पिबन्ति, पश्यथ, तिष्ठसि, लभते, अपठत्, सन्ति, नेष्यामि, आगच्छत्
शेवटच्या रूपातला 'आ' नीट पाहा. त्यात दोन गोष्टी दडल्या आहेत.

प्र. २. क्रियापदाचा धातू सांगा आणि वाक्याचा अर्थ लिहा. (६)
अ) माता ओदनं पचति।
आ) छात्रः संस्कृतं शिक्षते।
इ) गृहे दीपः वर्तते।
शब्द ओळखीचा वाटला तरी मराठीतला अर्थ लगेच चिकटवू नका. ओदन म्हणजे भात.

प्र. ३. धातू आणि प्रत्यय वेगळे करा. (४)
गत्वा, आगम्य, पातुम्, पठितुम्
'आगत्वा' का होत नाही, तेही एका ओळीत लिहा.

प्र. ४. दोन्ही वाक्यांत 'भवति' आहे. क्रियापद कोणते आणि सर्वनाम कोणते? (२)
शीतकाले जलं शीतलं भवति।
भवति भिक्षां देहि।

उत्तरे (वही बंद करून सोडवल्यावरच पाहा)

१. पा + अन्ति, पितात, प्रथम बहु. दृश् + थ, तुम्ही पाहता, मध्यम बहु. स्था + सि, तू उभा राहतोस, मध्यम एक. लभ् + ते, मिळवतो, प्रथम एक, आत्मनेपद. अ + पठ् + त्, त्याने वाचले, प्रथम एक. अस् + अन्ति, आहेत, प्रथम बहु. धातूतला अ गळला. नी + स्य + मि, मी नेईन, उत्तम एक. आ + अ + गम् + त्, तो आला, प्रथम एक. उपसर्ग आ आणि भूतकाळाचा अ मिळून एकच आ झाला.

२. पच्: आई भात शिजवते ('पचवते' नव्हे). शिक्ष्: विद्यार्थी संस्कृत शिकतो, इथे शिक्षा कोणाला होत नाही. वृत्: घरात दिवा आहे.

३. गम् + त्वा. आ + गम् + य. पा + तुम्. पठ् + इ + तुम्. धातूला उपसर्ग असला की त्वा ऐवजी य (ल्यप्) लागतो.

४. पहिल्यात भू + ति, 'होते'. दुसऱ्यात 'भवती' या सर्वनामाचे संबोधन: 'बाईसाहेब, भिक्षा द्या.' तिथे क्रियापद 'देहि', धातू दा.